कोपऱ्यातलं एक डोकं कमी करण्याबाबत

प्रति,
मालकसाहेब, फोटो स्टुडिओ
(नाव लिहीत नाही. धंद्याची अब्रू आम्हालाही कळते.)

विषय : चिरंजीवाच्या लग्नाच्या अल्बममधील पान ९ वरचं, उजव्या कोपऱ्यातलं, अनोळखी डोकं छाटून मिळणेबाबत.

स.न.वि.वि.

अल्बम मिळाला. वजनदार आहे, पेटी मखमली आहे, दोघा माणसांनी धरून टीपॉयवर ठेवला. हळदीची पानं उत्तम. धवलारणींचा फोटो पाहून आमच्या आईने चष्मा पुसला. डीजेचा धूर जरा जास्त आलाय, पण त्या धुरात कोण कोण नाचत होतं हे न दिसणं दोन्ही घरांच्या हिताचं असल्याने तक्रार नाही.

तक्रार पान ९ ची. अक्षता पडल्यावर स्टेजवर दोन्हीकडच्या मंडळींचा एकत्र फोटो घेतला, तो हा. मधे नवरा-नवरी, खाली पोरंटोरं, बाजूला आम्ही वडीलधारे, उजव्या टोकाला मुलीचे मामा. आणि मामांच्या डोक्यामागे, फुलांच्या पडद्याला चिकटून, आणखी एक डोकं. तेल लावून चापून बसवलेले केस, कानामागे गंधाचं बोट, गालात काहीतरी धरलेलं. कोपऱ्यात असूनही ते झाकलेलं नाही. उलट सगळ्यांत स्वच्छ तेच आलं आहे. आम्ही सगळे ड्रोनवाल्याच्या ओरडण्यामुळे आकाशाकडे बघतोय, नवरी पदराकडे, नवरा नवरीकडे, आणि हा एकटा माणूस थेट तुमच्या कॅमेऱ्याकडे बघून, जसं बघायला पाहिजे तसं, हसतोय.

आईने विचारलं, ‘यो कोन हाय रं?’ त्या प्रश्नाने आमच्या घरात जी चौकशी सुरू झाली ती अजून चालू आहे. आमच्या बाजूने कोणी ओळखलं नाही, म्हणून मुलीकडचा असणार असं ठरलं. मुलीकडच्यांनी तो आमच्याकडचा समजून गप्प बसणं पसंत केलं होतं, हे नंतर कळलं. आहेराच्या वहीत त्याचं नाव नाही; पण टॉवेल-टोपी मात्र त्याला मिळाली असावी, कारण आम्ही मोजून आणलेल्यांतली एक कमी पडली होती आणि त्यावरून आमचे मेहुणे आजही बोलत नाहीत. माझा स्वतःचा अंदाज असा, की हा रस्त्यावरून आला. आमचं लॉन कल्याण-भिवंडी रस्त्याला लागून. दुर्गाडी पुलाच्या बाजूने गाड्या तुंबल्या, त्यात मेट्रो पाचच्या खांबांचं काम, की माणूस गाडीत बसून काय करणार? समोर रोषणाई, बिर्याणीचा वास. उतरला असेल, जेवला असेल. जेवायला ना नाही. आमच्या कोन गावात लग्नाच्या मांडवातून कोणाला उपाशी घालवत नाहीत. पण जेवून हात धुवावा आणि जावं. स्टेज चढून मामांच्या खांद्यावर हात ठेवायची गरज काय होती?

तर ते डोकं कापावं, इतकी साधी विनंती घेऊन मी भाच्याला तुमच्याकडे धाडलं होतं. आम्ही यंत्रमागवाले. ताग्यात डाग निघाला तर तेवढा पट्टा कापतो आणि उरलेला माल पुढे पाठवतो. फोटोचंही तसंच असेल, अशी माझी समजूत. तुमच्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मुलाने भाच्याला जे सांगितलं ते त्याने मला पाठ म्हणून दाखवलं, ते असं.

फोटोला कोपरा कापता येत नाही. कापायची ती कडेची अख्खी पट्टी, वरपासून खालपर्यंत. तुमच्या कॅमेऱ्याची मूळ फाइल ६००० बाय ४००० पिक्सेलची. डोकं आणि त्याच्या भोवतीची थोडी जागा धरून उजवीकडून ९०० पिक्सेल गेले पाहिजेत, म्हणजे रुंदीचा १५ टक्के भाग. पान आहे १२ बाय १८ इंचांचं, त्यामुळे आपल्या भाषेत पावणेतीन इंच. त्या पावणेतीन इंचांत अर्धे मामा आहेत. पुढचं आणखी वाईट. रुंदी कमी केली आणि उंची तशीच ठेवली, तर चित्र १२ बाय १८ च्या पानात बसत नाही. बाजूला पांढरी पट्टी राहते. ताणून बसवलं तर आम्ही सगळे जाड दिसतो, आणि त्याला आमच्या मंडळींची हरकत आहे. म्हणून उंचीतूनही तेवढाच हिस्सा, ६०० पिक्सेल, काढावे लागतात. उरतात ५१०० बाय ३४००. इंचाला ३०० पिक्सेल असावेत असा छपाईचा दंडक. इथे २८३ येतात. तेवढा फरक कोणाला दिसत नाही, हे तुमच्या मुलाने प्रामाणिकपणे सांगितलं, त्याबद्दल आभार.

म्हणजे प्रश्न छपाईचा नाही, ते ६०० पिक्सेल कोणाचे जाणार याचा आहे. वरून काढले तर फुलांच्या कमानीवरची दोन नावं आहेत त्यांतलं वरचं जातं, आणि वरचं आमच्या मुलाचं आहे. खालून काढले तर सूनबाईंचे पैंजण जातात, जे तिच्या आजीचे आहेत. थोडे वरून थोडे खालून काढू म्हटलं, तर नाव अर्धं आणि पैंजण अर्धे. बैठक घेतली. निर्णय झाला नाही. व्याही म्हणाले, ‘मामांना हात लावायचा नाही, बाकी तुमचं तुम्ही बघा.’ मामांनी फ्रिज दिला आहे, त्यामुळे हा मुद्दा मलाही मान्य करावा लागला.

पूर्वी हे सोपं होतं. आमच्या वडिलांच्या लग्नाच्या फोटोत कडा पांढऱ्यात विरत गेलेल्या आहेत. जुने स्टुडिओवाले छापताना अंडाकृती भोक पाडलेला पुठ्ठा मधे धरत. कोपऱ्यात कोणी घुसलेला असला तरी धुक्यात जाई. तसं करता येईल का, असं मी विचारायला सांगितलं. येईल म्हणाला तुमचा मुलगा. पण अंडाकृतीत चारही कोपरे जातात, आणि उरलेल्या तीन कोपऱ्यांत आमचे तीन जावई उभे आहेत.

मग त्याने दुसरा मार्ग सुचवला. कापायचं नाही, पुसायचं. शेजारचा पडदा उचलून डोक्यावर लावायचा. हे मला फार आवडलं. त्याने नमुना करून मोबाइलवर पाठवला तोही पाहिला. डोकं गेलंय, खरंच गेलंय. पण तीन गोष्टी राहिल्यात, त्या नोंदवतो.

पहिली, हात. डोक्याच्या मालकाचा डावा हात मामांच्या खांद्यावर तसाच आहे. आता मामांना तीन हात झालेत, आणि तिसऱ्यात घड्याळ आहे. दुसरी, सावली. तुमचा दिवा उजवीकडून होता आणि माणूस पडद्याला टेकलेला, त्यामुळे डोक्याची काळी ठसठशीत सावली डावीकडे पडद्यावर पडलेली आहे. डोकं नाही आणि सावली आहे, हे लग्नाच्या अल्बममध्ये बरं दिसत नाही. आईने लगेच लिंबू-मिरची आणायला सांगितलं. तिसरी गोष्ट भाच्याने पकडली. पडद्यात झेंडूचा एक गोंडा आहे, त्याची एक पाकळी मोडलेली. तो मोडका गोंडा आता तीनदा दिसतो, एकाच ओळीत, सारख्याच अंतरावर. ठसा एकाच जागेवरून उचलून पुन्हा पुन्हा मारला की असं होतं, म्हणाला. दोन-तीन वेगवेगळ्या जागांवरून उचलावं आणि मधेमधे आकार बदलावा, एवढं तुमच्या मुलाला सांगा.

भाच्याने या निमित्ताने रशियाचीही गोष्ट सांगितली. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठावर स्टॅलिनच्या शेजारी येझोव नावाचा त्यांचा पोलिसप्रमुख उभा असलेला फोटो १९३७ चा. पुढे मर्जी फिरली, १९४० मध्ये त्याला गोळी घातली, आणि फोटोतूनही काढला. तो होता तिथे कालव्याचं पाणी भरलं. मला त्यांचा हेवा वाटला. मर्जीचं सोडा, मागे पाणी होतं. पाण्याला पाकळ्या नसतात.

आता आमचा शेवटचा तोडगा. डोकं पुसून जागा रिकामी ठेवण्यापेक्षा तिथे आमच्या थोरल्या बंधूंना उभं करावं. ते लग्नाला आले नव्हते. गोदामासाठी दिलेल्या जमिनीच्या पैशांवरून त्यांचं आमचं बोलणं नाही. पण लोक अल्बम बघताना ‘थोरले दिसत नाहीत कुठे’ असं विचारतात, आणि उत्तर देताना चहा गार होतो. त्यांचा आधार कार्डाचा फोटो सोबत जोडला आहे. त्यावर ते कपाळाला आठी घालून बघतायत; पण लग्नाला आले असते तरी तसेच बघितले असते, म्हणून खरं वाटेल. हात मामांच्या खांद्यावरच राहू द्यावा. म्हणजे तोही प्रश्न सुटला.

एक अडचण तुम्ही काढाल, ती मीच लिहितो. पान ९ एकटं बदलता येत नाही, कारण समोरासमोरची दोन पानं १२ बाय ३६ च्या एकाच कागदावर छापून मधे दुमडतात, आणि त्याची पाठ मागच्या-पुढच्या कागदांच्या पाठींना चिकटवतात. पान ९ चा कागद उचकटला तर एका बाजूने पान १० फाटतं आणि दुसऱ्या बाजूने पान ७. त्यामुळे तीन कागद नव्याने छापून, लॅमिनेशन करून, बांधणी खोलून पुन्हा चिकटवावी लागेल. त्याचा खर्च निम्मा आमचा, निम्मा तुमचा. हा माणूस तुमच्या कॅमेऱ्यासमोर शटर दाबायच्या आधी उभा होता, नंतर नव्हे. फोटोग्राफरने ‘जरा सरका’ एवढं म्हटलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. कडेला कोण आलंय हे बघायला फोटो घेणाऱ्याला डोळ्याची एक फेरी पुरते. नंतर कॉम्प्युटरवर त्याचे दोन तास जातात. शिल्लक रक्कम डोकं गेल्याची खात्री झाल्यावर देण्यात येईल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
वरपिता
मु. कोन, ता. भिवंडी, जि. ठाणे

ता.क. : पान १४ वर डाव्या कोपऱ्यातलं अर्धं डोकं काढून टाका, असं पत्र तुम्हाला आमच्या व्याह्यांकडूनही आल्याचं समजतं. ते डोकं माझं आहे. कृपया छाटू नये.