मुगाला खारट पाणी पाजण्याचे आठ आठवडे
(एकट्या विद्यार्थ्यासाठी मार्गदर्शिका)

आठवडा १ : ज्वालामुखी न करणे
खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी टाळावा. तो दरवर्षी फुटतो, पण कोणत्याही प्रश्नाचं उत्तर देत नाही. त्याऐवजी एक प्रश्न घ्या. कोकणात बांध फुटला की भरतीचं पाणी शेतात शिरतं. मग पाण्यात किती मीठ असलं तर मुगाचा मोड अडतो? प्रश्न एका ओळीत मावला की आठवड्याचं काम संपलं. उरलेले सहा दिवस वहीवर कव्हर घालण्यात जातात, त्याला इलाज नाही.

आठवडा २ : मीठ मोजणे
स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमच्या टप्प्याने मोजतो. ३ ग्रॅम मीठ घेताना तो अर्धा ग्रॅम चुकला, तर सहावा हिस्सा चुकला. म्हणून २४ ग्रॅम मीठ घ्या आणि पाणी ओतून एकूण २ लिटर करा. हे झालं लिटरला १२ ग्रॅमचं पाणी. त्यातलं थोडं काढून त्यात तेवढंच साधं पाणी मिसळलं की ६ ग्रॅमचं, आणि त्यातल्या थोड्याला तसंच पुन्हा केलं की ३ ग्रॅमचं. चौथं पाणी साधं. त्याला फालतू समजू नये, कारण बाकी तिघांची तुलना त्याच्याशीच होणार आहे.

आठवडा ३ : फसण्याची रंगीत तालीम
हा आठवडा फसण्यासाठी राखीव आहे. घरातलं कुणीतरी मायेने मूग रात्रभर साध्या पाण्यात भिजवून ठेवेल. मूग गोडं पाणी पिऊन फुगले, की पुढच्या खारट पाण्याचा परिणाम झाकला जातो. तेव्हा ते मूग उसळीला द्या आणि नव्याने कोरडे घ्या. एका वाटीत दुमडलेला टिश्यू पेपर, त्यावर २० दाणे आणि त्या वाटीचं १० मिलि पाणी, वर सैल झाकण. प्रत्येक पाण्याच्या तीन वाट्या, म्हणजे १२ वाट्या आणि २४० दाणे. वाट्या कुठून आणायच्या, याची परवानगी आधीच काढावी.

आठवडा ४ : पहिली फेरी
एकटे असाल तर घड्याळ स्वतःच्या सोयीने लावा. गुरुवारी संध्याकाळी सातला सुरुवात केली की ७२ तास रविवारी संध्याकाळी सातला भरतात आणि एकही मोजणी शाळेच्या वेळेत येत नाही. मूळ २ मिलिमीटर बाहेर आलं तरच ‘मोड आला’ म्हणायचं. चिठ्ठ्या वाटीच्या तळाला लावा आणि वाट्यांच्या जागा बदला. कोणती वाटी खारट हे माहीत असलं, की डोळे तिथे कमी मोड मोजतात.

आता समजा, ६ ग्रॅमच्या तीन वाट्यांत १८, १७ आणि ११ मोड आले. अकरावाली वाटी गुपचूप सिंकमध्ये रिकामी करण्याची ऊर्मी येईल. त्याआधी ती कुठे ठेवली होती ते पाहा. खिडकीत? मग पाणी उडालं आणि मीठ मागे राहिलं, म्हणजे तुमचं ६ ग्रॅमचं पाणी एव्हाना जास्त खारट झालं. आकडे तिन्ही लिहायचे (६० पैकी ४६) आणि शेजारी खिडकीही नोंदवायची.

आठवडा ५ : दुसरी फेरी
आता प्रत्येक वाटी रोज झाकण काढून काट्यावर ठेवा. ३ ग्रॅम वजन घटलं असेल तर ३ मिलि साधं पाणी घाला. खारट घालू नका, मीठ कुठेही गेलेलं नाही. रविवारी मुळांची लांबीही मोजा. मिठात पुष्कळ दाण्यांना उशिरा का होईना मोड येतात, पण मुळं आखूड राहतात. नुसते मोड मोजले तर हा फरक निसटतो.

आठवडा ६ : तिसरी फेरी आणि सुटका
फेरी संपली की १२ ग्रॅमच्या वाट्यांतले मोड न आलेले दाणे धुऊन साध्या पाण्यावर ठेवा. दोन-तीन दिवसांत मोड आले, तर ते जिवंत होते. खारट पाण्यातून पुरेसं पाणी शोषता येत नव्हतं म्हणून थांबले होते. मोड आलेच नाहीत, तर मिठाने इजा केली असेल किंवा दाणाच मुळात मेलेला असेल. साध्या पाण्याच्या वाट्यांतही जेवढ्या दाण्यांना मोड आले नाहीत, तेवढे मेलेले धरायचे.

आठवडा ७ : तक्ता
आडव्या अक्षावर मीठ, उभ्यावर मुळाची लांबी. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीचे ठिपके वेगवेगळे दाखवा, नुसती सरासरी नको. थर्माकोलची नक्षी ठिपके काढून झाल्यावर.

आठवडा ८ : परीक्षक
परीक्षक विचारतील, “मग खारजमिनीत भात कसा येतो?” उत्तर : “सर, ते यातून कळत नाही. मी मुगाचे पहिले तीन दिवस पाहिले, तेही मातीशिवाय.” ते मान हलवून पुढच्या टेबलाकडे वळतील. तिथे ज्वालामुखी असेल.