२:१० गणपतीपुळे

प्रत्येक सोसायटीत एक नोंदराव असतात. इतर लोक प्रवासाचा व्हिडिओ बघतात, नोंदराव तो वहीत उतरवून घेतात. मांडीवर दोनशे पानी वही आणि अंगठा कायम पॉजवर. रत्नागिरीच्या बावीस मिनिटांच्या व्हिडिओतून निघतं ते असं: ०:०० आरे-वारे, सूर्यास्त, २:१० गणपतीपुळे, ६:४५ जयगड, ११:२० मालगुंड, केशवसुत स्मारक, १५:३० थिबा पॅलेस. घरचे हसतात. व्हिडिओखाली आयती यादी असते की, म्हणतात. असते, पण तिच्यात ‘हे बघून थक्क व्हाल’ या गावाला एसटी कुठून सुटते ते नसतं. शिवाय व्हिडिओचा क्रम हा प्रवासाचा क्रम नव्हे, हे घरात फक्त नोंदरावांना ठाऊक असतं. सूर्यास्त देखणा, म्हणून तो पहिल्या सेकंदाला; सहल काही संध्याकाळी सुरू झालेली नसते. खरा क्रम नोंदराव व्हिडिओवाल्याच्या शर्टावरून लावतात. आरे-वाऱ्याला निळा, जयगडला निळा, थिबा पॅलेसला पिवळा, म्हणजे थिबाचा दिवस वेगळा. पठ्ठ्याने दोन्ही दिवस एकच शर्ट घातला असेल तर नोंदराव सावल्या मोजतात, आणि त्याच्या स्वच्छतेबद्दल समासात शेरा मारतात.

मग नकाशा. रत्नागिरीहून किनाऱ्याने उत्तरेला निघालं की आधी आरे-वारे, पुढे गणपतीपुळे, त्याला लागून मालगुंड आणि टोकाला जयगड. म्हणून सकाळी थेट जयगड गाठायचा आणि एकेक ठिकाण बघत मागे यायचं. सूर्य बुडताना आपण बरोबर आरे-वाऱ्याला. थिबा पॅलेस दुसऱ्या दिवशी, आणि तो सोमवार नको, कारण सरकारी संग्रहालयांना बहुधा त्याच दिवशी सुट्टी. ‘एवढं बांधून घेतल्यावर फिरण्यात मजा काय?’ हा आक्षेप नेहमीचा. तो घेणारी मंडळी वाटेत रमतगमत अंधारात जयगडला पोचतात आणि किल्ला मोबाइलच्या टॉर्चने बघतात. मजा त्यांनाही येते. किल्ला तेवढा दिसत नाही.

नोंदरावांची खरी चूक वेगळी आहे, आणि ती कोणी काढत नाही. टाइमस्टॅम्प जागा सांगतो, वेळ सांगत नाही. गणपतीपुळ्याला देवाची प्रदक्षिणा म्हणजे अख्ख्या टेकडीला वळसा, साधारण एक किलोमीटर. व्हिडिओत ती चाळीस सेकंदांत आटोपते, कारण मधला दम कापलेला असतो. दुपारच्या तापल्या फरशीवर अनवाणी आजीला घेऊन अर्धा तास सहज जातो. त्याआधीची दर्शनाची रांग तर व्हिडिओत नसतेच. संकष्टीला ती किती लांबते हे कॅमेरा बंद असताना कळतं. नोंदरावांच्या वहीत मात्र पहिल्या दिवसाच्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असतं: प्रदक्षिणा, पाच मिनिटं (आजी धरून). आणि त्याखाली, व्हिडिओवाल्याने उकडीचा मोदक एका घासात संपवला म्हणून: जेवण, दहा.