पेरू सक्षम येथील सेवकज्ञान

घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव असल्याने तेथील विद्यार्थ्याला समर्थांवरील निबंध सहसा चुकत नाही. आणि हल्ली निबंध एका यंत्राकडून लिहवून घ्यावा व तो यंत्राचा वाटू नये म्हणून दुसऱ्या यंत्राकडून त्याचे ‘मानवीकरण’ करवून घ्यावे, अशी दुहेरी सोय झाली आहे. ‘ह्यूमनायझर’ नावाच्या या कारखान्यात काय शिजते, हे कागदावरच करून पाहू. समजा, मूळ मजकूर असा: ‘समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली जांब समर्थ येथे झाला. लग्नमंडपात सावधान हा शब्द ऐकताच ते निघून गेले. पुढे त्यांनी दासबोध लिहिला.’ आता स्वस्तातल्या यंत्राच्या रीतीने शब्दामागून शब्द बदलत गेलो, तर तयार होणारा ऐवज असा: ‘सक्षम रामसेवकांचे आगमन १६०८ या वर्षी पेरू सक्षम या ठिकाणी घडले. विवाहतंबूत सतर्क हे पद श्रवण करताच त्यांनी प्रस्थान केले. कालांतराने त्यांनी सेवकज्ञान लिपिबद्ध केले.’

मराठवाड्यात पेरूला जांब म्हणतात, हे यंत्राला ठाऊक असणे कौतुकास्पदच. फक्त गावाचे नाव हे फळ नव्हे, एवढा तपशील तेवढा निसटला. यंत्राची दृष्टी एकेका सुट्या शब्दावर असते, आणि विशेषनाम, ग्रंथनाम, पारिभाषिक संज्ञा व वाक्प्रचार ही चार मंडळी मात्र आपला अर्थ अख्ख्या जोडीत बाळगून असतात. म्हणून यंत्राची पहिली खूण बहुधा याच चौघांत सापडते. दुसरा पुरावा याहून बळकट आहे. यंत्र आकड्यांना आणि अखेरच्या संदर्भसूचीला सहसा हात लावत नाही, त्यामुळे निबंधभर ‘सेवकज्ञान’ नांदते, पुढच्या परिच्छेदात त्याचीच ‘चाकरबुद्धी’ होते, आणि सूचीत निमूटपणे ‘दासबोध’ उभा राहतो: एकाच इसमाची तीन नावे एकाच दप्तरात, म्हणजे मामलेदार कचेरीत फेरफार संशयास्पद ठरवायला एवढे पुरे!

हे केवळ शाळकरी पोरांचे खूळ नव्हे. २०२१ साली गियोम काबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव्ह या तीन संशोधकांनी छापील शास्त्रीय निबंधांतून अशी शब्दरत्ने वेचली व त्यांना ‘टॉर्चर्ड फ्रेझेस’, म्हणजे छळून काढलेली पदे, असे नाव दिले. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चे तेथे ‘काउंटरफीट कॉन्शसनेस’ म्हणजे बनावट जाणीव झाले होते. ‘ब्रेस्ट कॅन्सर’ ‘बूझम पेरिल’ म्हणजे उरावरचे संकट बनला होता. ‘किडनी फेल्युअर’ची तर ‘किडनी डिसअपॉइंटमेंट’ झाली होती, म्हणजे मूत्रपिंड निकामी होण्याऐवजी निराश झाले होते. त्या काळी डावपेच वाङ्मयचौर्य पकडणाऱ्या प्रणालींना चकवण्याचा होता, कारण त्या मुख्यतः शब्दांच्या रांगाच ताडून पाहत, आणि रांगेतले शब्द बदलत गेले की चोरी बहुधा सापडत नसे. असे एखादे पद सापडले म्हणून लेखकाला फासावर द्यावे असे मात्र नाही, कारण परभाषेत चाचपडणाऱ्या प्रामाणिक माणसाच्या हातूनही असा विनोद घडतो. पण रूढ संज्ञा पानोपानी याच रीतीने मोडलेल्या दिसल्या, तर संशय बळावतो.

नवी यंत्रे अधिक चतुर आहेत. ती वाक्य मुद्दाम तोडतात, मुद्दाम लांबवतात, मधूनच ‘म्हणजे बघा’ पेरतात. परिणामी ‘तदनंतर प्रस्थान केले’ या भारदस्त वाक्याच्या शेजारी ‘भारीच ना!’ येऊन बसते, आणि एकाच परिच्छेदात कीर्तनकार व पानपट्टीवाला आळीपाळीने बोलू लागतात. (आमच्यासारख्या जुन्या वळणाच्या लेखकांनाही लवकरच यंत्र ठरवले जाईल, अशी आम्हांस धास्ती वाटते.)

शब्द बदलणे हाच गुन्हा, असे मात्र कोणी समजू नये. शिवकाळात रघुनाथपंतांच्या ‘राज्यव्यवहारकोशा’ने फारसी दफ्तरी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द बसवले, आणि पेशव्याचा मुख्य प्रधान, मुजुमदाराचा अमात्य, डबिराचा सुमंत झाला, परंतु तो अमात्य सकाळी अमात्य आणि दुपारी ‘निकटवर्ती’ होत नव्हता, कारण शब्द बदलणाऱ्याला त्या हुद्द्याचे काम माहीत होते आणि ठरलेले नाव साऱ्या दप्तराला बंधनकारक होते. यंत्राच्या कारखान्यात सुमंताचा ‘उत्तम बुद्धीचा’ व्हायला क्षणही लागला नसता, आणि परराष्ट्राशी बोलणी कोणी करायची हे मग कोणालाच कळले नसते.

समर्थांनी दासबोधात मूर्खांची लक्षणे सांगून झाल्यावर पढतमूर्खांसाठी स्वतंत्र समास राखून ठेवला आहे. मानवीकरणाच्या दुकानात तो पाठवून पाहावा, असा मोह आम्हांस होतो. परंतु शीर्षकाचे ‘सुशिक्षित बावळट’ होऊन परतले, तर दुकानदाराची अब्रुनुकसानी केल्याचा दावा आमच्यावरच लागायचा.