सोळाव्या वर्षी सोनोग्राफी कशाला?

बीड जिल्ह्यातल्या दिंद्रुडची एक मुलगी समजा. वय सोळा, पाळी तेराव्या वर्षी सुरू झालेली आणि आता ती दोन-दोन महिन्यांनी येते. आई तिला तालुक्याला नेते, सोनोग्राफी होते, रिपोर्टात ‘पीसीओडी’ लिहून येतं. गावात पोचेपर्यंत त्याचं ‘पोरीच्या पिशवीत गाठी आहेत’ झालेलं असतं.

त्या गाठी नसतात आणि पिशवीत तर नसतातच. बीजकोशात न पिकलेल्या बीजांचे ते इवलेसे फुगे असतात. वाढत्या वयात निरोगी मुलींच्या बीजकोशातही ते भरपूर दिसतात. म्हणूनच २०२३ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की पहिल्या पाळीनंतर आठ वर्षं हे निदान सोनोग्राफीवरून करू नका. आपल्या मुलीच्या बाबतीत एकविसाव्या वर्षापर्यंत.

मग निदान कशावरून? पाळी सुरू होऊन तीन वर्षं झाल्यावर दोन पाळ्यांत ३५ दिवसांहून जास्त अंतर पडत असेल, तर ती अनियमित. पण तेवढं पुरत नाही. हनुवटीवर, छातीवर राठ केस किंवा रक्तात वाढलेलं टेस्टोस्टेरॉन, असा पुरुषी संप्रेरकांचा पुरावाही हवा. शिवाय थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि गर्भधारणा ही कारणं आधी तपासून बाजूला काढायची. दोन्हींपैकी एकच खूण असेल, तर शिक्का मारायचा नाही. त्रासावर उपचार करायचे आणि काही वर्षांनी पुन्हा बघायचं.

पण थांबायचं म्हणजे दुर्लक्ष करायचं नव्हे. तीन महिने पाळी आलीच नाही, तर गर्भाशयाचं अस्तर साचत जातं आणि मग अंगावरून फार जातं. ते टाळायला डॉक्टर ठरावीक दिवस प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देतात. त्या थांबल्या की काही दिवसांत पाळी येते. अंतर सतत लांबत असेल, तर गर्भनिरोधक गोळ्या देतात. लग्नाआधी या गोळ्या म्हटलं की आया घाबरतात, पण त्यांनी पुढे मूल होणं बंद होत नाही. वजन जास्त असेल, तर पाच टक्के उतरलं तरी फरक पडू शकतो. साखरेची तपासणी मात्र निदान पक्कं झालेल्या सडपातळ मुलीचीही करावी.

हे बीडमध्ये ठासून सांगायला कारण आहे. तीन वर्षांत जिल्ह्यात ४,६०५ गर्भाशयं काढली गेली, हा आकडा जून २०१९मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत दिला. ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायांना पिशवीची भीती घालून टेबलावर घेतलं गेलं. पीसीओडीमध्ये बिघाड संप्रेरकांचा असतो. पिशवी काढून तो जात नाही. तेव्हा आईने मुलीच्या गेल्या सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा लिहून न्याव्यात आणि डॉक्टरांनी आधी त्या वाचाव्यात.