सर्वकार्यदक्ष

शिरवळास महामार्गालगत एका स्वतंत्र हिशेबनिसाने जो भव्य फलक उभारला आहे, त्यावर त्याच्या तीन पदव्या, कुलदैवताची तसबीर, ‘सर्व प्रकारची कामे खात्रीशीर केली जातील’ हे अभिवचन आणि खाली बारा कामांची बारीक यादी अशी जय्यत तजवीज आहे. परंतु ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार तीन सेकंदांत सुमारे ६७ मीटर अंतर तोडते, एवढा तपशील हिशेबनीस असूनही त्याच्या हिशेबातून निसटला. वस्तुतः औद्योगिक वसाहतीतील एखादा लहान कारखानदार मनात एकच धास्ती बाळगून जात असतो, की दरमहाचे जीएसटी विवरणपत्र २० तारखेच्या आत गेले नाही तर दररोज ५० रुपये विलंबशुल्क पडेल. ‘लहान कारखान्यांचे जीएसटी, गतवर्षी एकाही अशिलास विलंबशुल्क नाही’ एवढा मजकूर, अर्थात दप्तर तशी साक्ष देत असेल तर, काम, गिऱ्हाईक आणि फळ एकाच दृष्टिक्षेपात सांगतो. हे सुचविताच गृहस्थ खिन्न झाले. रंगाऱ्यास पैसे चौरस फुटाने दिले असता उरलेली जागा मोकळी सोडणे हा सरळ अपव्यय आहे, असे त्यांनी मला साधार पटवून दिले.