न ऐकता श्रवणाचं जर्नल कसं लिहावं

संवादकौशल्याच्या विषयाला टर्मवर्कमध्ये एक जर्नल असतं. वर्गात सक्रिय श्रवणाचा आणि देहबोलीचा सराव करायचा आणि त्यावर स्वतःचं चिंतन लिहून द्यायचं, अशी अपेक्षा. सराव होतो त्या तासाला निम्मा वर्ग कँटीनमध्ये असतो, तरी सबमिशनला जर्नलं मात्र पूर्ण वर्गाची येतात, खाकी कव्हर घालून. ही परंपरा खंडित होऊ नये या हेतूने पुढील मार्गदर्शन केलं आहे. ते जर्नलं तपासणाऱ्यानेच केलेलं असल्यामुळे अधिकृत समजावं.

सराव तिघांचा असतो. एकाने पाच मिनिटं आपला खरा अनुभव सांगायचा, दुसऱ्याने ऐकायचा आणि तिसऱ्याने दोघांकडे बघत नोंदी करायच्या. मग ऐकणाऱ्याने ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. सांगणाऱ्याने ‘हो, अगदी असंच’ म्हणेपर्यंत ऐकणाऱ्याला स्वतःचं मत, सल्ला किंवा ‘माझ्या मामाचंही असंच झालं होतं’ काढायला बंदी. हा नियम कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा. त्याने आणि रिचर्ड फार्सनने १९५७ साली ‘अ‍ॅक्टिव्ह लिसनिंग’ नावाची पुस्तिका काढली, तेव्हापासून जगभरचे विद्यार्थी एकमेकांकडे टक लावून बसलेले आहेत.

तुमच्या वाट्याला श्रोत्याची भूमिका आली तर घाबरू नका. मान हलवा. दर चार सेकंदांनी एकदा, न चुकता. मधूनमधून ‘हं’. नजर समोरच्याच्या दोन भुवयांच्या मध्ये ठेवली की डोळ्यांत बघितल्यासारखं दिसतं आणि मनात रात्रीच्या सामन्याची टीम लावता येते. जर्नलमध्ये लिहा : ‘मी योग्य नेत्रसंपर्क राखला व मान हलवून प्रतिसाद दिला.’ हे खोटं नाही, हा या पद्धतीचा मोठा फायदा.

तोटा एकच आहे, आणि तो जेनेट बाव्हेलास या कॅनडातल्या संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली उघड करून ठेवला. थोडक्यात बचावल्याचे किस्से त्यांनी लोकांना सांगायला लावले. ऐकणाऱ्यांपैकी काहींना गुपचूप वेगळंच काम दिलं : बोलण्यात इंग्रजी ‘टी’ने सुरू होणारे शब्द आले की मोजायचे. म्हणजे हे श्रोते शब्दन् शब्द कानांवर घेत होते, फक्त गोष्ट ऐकत नव्हते. त्यांचं सरसकट मान डोलावणं कमी झालंच, पण नेमक्या जागी दचकणं, तोंडावर हात नेणं, ‘बाप रे’ म्हणणं जवळजवळ बंदच पडलं. आणि गंमत म्हणजे बिघडली ती सांगणाऱ्याची गोष्ट. शेवट तुटक झाला, तिथल्या तिथे घुटमळला, किंवा ‘खरंच धोका होता हो’ असं पटवून द्यायची वेळ आली. आपल्याकडे गोष्ट सांगताना समोरून हुंकार लागतो, हे आजीला प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होतं. पण जर्नलला आजीचा संदर्भ चालत नाही.

एक त्रिकूट घेऊ. मुलगी सांगते आहे : पावसात ताम्हिणी घाटातून भावाच्या मागे बसून येत होते, वळणावर बाइक घसरली, आम्ही रस्त्यावर पडलो, भाऊ हसायला लागला आणि मागून ट्रक आला. दोन हातांवर थांबला. श्रोता : ‘हं.’ मान, चार सेकंद, मान. ट्रकला आणि घाटाला सारखाच हुंकार. मुलगी क्षणभर थांबते. ‘म्हणजे ट्रक तसा हळू होता, पण ओलं होतं ना सगळं, त्यामुळे… असो. तर मग आम्ही घरी आलो.’ पाच मिनिटांचा किस्सा दोन मिनिटांत संपला. श्रोत्याच्या जर्नलमध्ये वाक्य येतं : ‘वक्तीला मोकळेपणाने व्यक्त होता आलं नाही, तिने आत्मविश्वास वाढवावा.’ हे वाक्य मी इतक्या जर्नलांत वाचलंय की ते आता मला घरच्यासारखं वाटतं.

आता परत सांगण्याची पायरी. ऐकलं नसेल तर शेवटचे पाच शब्द पकडून ‘म्हणजे तुला असं म्हणायचंय की…’ या दांडीला अडकवा : ‘म्हणजे तुला असं म्हणायचंय की तुम्ही घरी आलात.’ मुलगी ‘हो’ म्हणते. काय करणार, आलेच होते घरी. सराव यशस्वी.

याउलट एखादा आगाऊ श्रोता निघतो. तो म्हणतो, ‘पडल्यावर भाऊ हसायला लागला म्हणालीस. त्याचा राग आला का तुला?’ मुलगी म्हणते, ‘नाही, राग नाही. हसत होता, पण हेल्मेटचा पट्टा काही सुटेना त्याला. हात थरथरत होते. मग मलाच जास्त भीती वाटली.’ बघा, अंदाज साफ चुकला, आणि चुकला म्हणूनच तोंडाचं हसू आणि हातांचं थरथरणं एकाच वाक्यात समोर आलं. देहबोलीवरच्या अख्ख्या प्रकरणात याहून चांगलं उदाहरण नाही. आळशी विद्यार्थ्याने असले अंदाज कटाक्षाने टाळावेत, कारण त्यांनी गोष्ट लांबते.

निरीक्षक झालात तर काम सोपं. तक्त्यात तीन रकाने असतात : वेळ, काय दिसलं, मला काय वाटलं. पहिले दोन रिकामे ठेवून थेट तिसरा भरा. ‘श्रोता बोअर झाला.’ ‘वक्ती नर्व्हस होती.’ कोणी हाताची घडी घातली की ‘मन बंदिस्त’ लिहा, डोक्यावर एसी सोळावर असला तरी. ‘दुसऱ्या मिनिटाला श्रोत्याने मोबाइल उलटा ठेवला, त्यानंतर वक्तीचा आवाज चढला’ अशी नोंद करायला बघावं लागतं. शिवाय अशा नोंदीतून दोनतीन अर्थ निघू शकतात आणि मग चिंतन करावं लागतं.

शेवटी पानाची शोभा म्हणून आकडे : संवादात शब्द ७ टक्के, आवाज ३८, चेहरा ५५. आल्बर्ट मेहराबियनचं नाव टाका, १९६७ साल टाका. त्याचे प्रयोग सुट्या शब्दांवर आणि आवड-नावड ओळखण्यापुरते होते आणि हे गणित सगळ्या संवादाला लावू नका असं त्याने स्वतःच बजावलंय, हे लिहू नका, जागा जाते. फक्त व्हायवाला ‘मग उरलेले ९३ टक्के न बोलता सांगून दाखव’ असं म्हटलं तर तयारी असू द्या.

मी जर्नल हातात घेतल्यावर एकच गोष्ट शोधतो : सांगणाऱ्याने ‘नाही, तसं नाही’ म्हटल्याची एक तरी नोंद आहे का. नसेल तर दहापैकी चार देतो. चारला विषय सुटतो.