आधी लोड विचारा

‘सर, पॉवर फॅक्टर म्हणजे नक्की काय, जरा समजावून सांगाल का?’ मेसेज एवढाच. पाठवणारा पिठाच्या गिरणीचा मालक असेल, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षातला मुलगा असेल, नाहीतर आयुष्यभर पॅनल बांधत आलेला माणूसही असेल. आपल्याकडच्या जाणकारांची खोड अशी की ते प्रश्न सोडून माणूस मापायला बसतात. नवखा वाटला की बिअरच्या ग्लासातल्या फेसाचं उदाहरण द्यायचं, इंजिनिअर वाटला की थेट ‘कॉस फाय’ म्हणून मोकळं व्हायचं.

फेसाचं उदाहरण नवख्याच्या डोक्यात चुकीची गोष्ट पक्की करतं. फेस म्हणजे फुकट गेलेला भाग, असं तो धरून चालतो. पण रिॲक्टिव्ह पॉवर फुकट जात नाही. मोटरमधलं चुंबकीय क्षेत्र उभं करायला ती जाते आणि दर सेकंदाला शंभर वेळा परत फिरते; ती नसेल तर मोटर फिरणारच नाही. नुकसान होतं ते या ये-जा करणाऱ्या करंटने केबल आणि ट्रान्सफॉर्मर तापतात म्हणून. आणि ‘कॉस फाय’? ही व्याख्या व्होल्टेज आणि करंट दोन्ही शुद्ध साइन वेव्ह असतील तेव्हाच खरी. आजच्या कारखान्यात तसं क्वचितच असतं, म्हणजे तज्ज्ञालाही अर्धंच उत्तर मिळालं.

मग सुरुवात दोघांनाही चालेल अशा वाक्याने करावी: प्रत्यक्ष काम करणारी पॉवर भागिले पुरवठ्यातून उचललेली पॉवर, म्हणजे किलोवॉट भागिले केव्हीए. लगेच पुढे एक हिशेब मांडावा. ४१५ व्होल्ट, तीन फेजवरची एक मोटर ७ किलोवॉट घेतेय आणि पॉवर फॅक्टर ०.७ आहे. म्हणजे पुरवठ्यातून १० केव्हीए उचलले जातात, करंट साधारण १४ अँपिअर. शेजारी ५ केव्हीएआरचा कपॅसिटर जोडला की पॉवर फॅक्टर ०.९५ च्या आसपास जातो आणि करंट सुमारे १० अँपिअरवर येतो. बिल केव्हीएएचवर असेल (महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचं २०२० पासून तसंच आहे), तर शंभर तासांचे १००० युनिट ७३० च्या घरात येतात. गिरणीवाल्याला याहून जास्त काही लागत नाही, आणि यात तज्ज्ञाने खोडून काढावं असंही काही नाही.

इथेच एक गोष्ट न विसरता सांगायला हवी, कारण नेमकी तीच गाळली जाते. कपॅसिटर लावल्यावर माणूस क्लॅम्प मीटर घेऊन मोटरच्या वायरला लावतो, तिथे पुन्हा १४ च दिसतात, आणि दुकानदाराने फसवलं म्हणून तो भांडायला जातो. मोटरचा करंट कमी होतच नाही. तिला लागणारी रिॲक्टिव्ह पॉवर आता शेजारून मिळते, म्हणून कपॅसिटरच्या मागे, मीटरच्या बाजूला, करंट उतरतो. मोजायचं तिथे.

आता माणसाची पारख बाजूला ठेवून एकच प्रश्न उलट विचारावा: ‘मोटर थेट लाईनवर आहे की ड्राइव्हवर?’ शिक्षण किती, अनुभव किती, हे विचारणं अपमानाचं वाटतं आणि त्यातून हाती काही लागत नाही. लोड विचारला की माणूसही कळतो. ‘ड्राइव्ह म्हणजे?’ असं आलं तर पुढचं उत्तर कसं द्यायचं ते ठरलं. ‘व्हीएफडी आहे, सहा पल्सचा’ असं आलं तरी ठरलं.

शिवाय या उत्तरावर सल्लाच उलटतो. व्हीएफडीच्या आत डायोड रेक्टिफायर असतो. तो करंट सलग घेत नाही, झटक्याझटक्याने ओढतो. करंट व्होल्टेजच्या मागे फारसा पडत नाही, म्हणून कॉस फाय ०.९५ च्या वर दिसतो. पण करंटचा आकार बिघडल्यामुळे खरा पॉवर फॅक्टर त्याहून बराच खाली असतो. या करंटमध्ये ५० हर्ट्झसोबत २५० आणि ३५० हर्ट्झचेही प्रवाह असतात. फ्रीक्वेन्सी वाढली की कपॅसिटरचा अडथळा कमी होतो, म्हणून हे प्रवाह त्याच्यातच घुसतात. कपॅसिटर तापतो, फुगतो, फ्यूज वारंवार उडतो. ट्रान्सफॉर्मरशी त्याचा रेझोनन्स जुळला तर हाल आणखी वाईट.

म्हणून ‘पॉवर फॅक्टर कमी? कपॅसिटर लावा’ हे एका ओळीचं उत्तर कुणालाच देऊ नये, नवख्याला तर मुळीच नाही. तज्ज्ञ निदान हार्मोनिक्स मोजून घेईल. गिरणीवाला तुमच्या शब्दावर दुकानात जाईल. ड्राइव्ह असेल तर त्याला चोक किंवा हार्मोनिक फिल्टरबद्दल सांगा, आणि ड्राइव्ह ते मोटर या वायरवर कपॅसिटर कधीही जोडायचा नाही, हे त्याने न विचारता सांगा.